दीड दिवसाचा गणपती, एडिसनच्या वेळेनुसार

परदेशात संसार मांडलेलं मराठी जोडपं दिवाळी कुठेही साजरी करू शकतं. मित्रांकडे फराळ होतो, मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं तरी भागतं. गणपतीचं तसं नसतं. तो घरात बसवायचा म्हटलं की कोणाच्या घरच्या पद्धतीने, किती दिवस, कोणत्या तारखेला, मूर्ती कुठून आणायची आणि विसर्जन कुठे करायचं, हे सगळं दोघांना ठरवावं लागतं. गावी हे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तरं घरातल्या मोठ्यांनी आधीच दिलेली असतात.

म्हणून इथे एकाच घराचा गणपती तपशिलाने पाहू. घर न्यू जर्सीतल्या एडिसनचं, भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावरचं. नवरा रत्नागिरीकडचा, बायको लातूरची, दोघांनाही नोकरी. हे जोडपं माझ्या परिचयातलं आहे. २०२४ साली त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा गणपती बसवला. त्यांनी घेतलेले बहुतेक निर्णय लंडन, म्युनिक किंवा मेलबर्नमधल्या घरालाही घ्यावे लागतात.

कोणाच्या घरचा गणपती?

नवऱ्याच्या गावी गणपती दीड दिवसाचा आणि खड्यांच्या गौरी. बायकोच्या माहेरी गणपतीपेक्षा महालक्ष्म्यांचा थाट मोठा: ज्येष्ठा आणि कनिष्ठा मुखवट्यांच्या, नेसवलेल्या, तीन दिवस घरात राहणाऱ्या. रीतीप्रमाणे लग्नानंतर बाई सासरचा कुलाचार करते आणि माहेरच्या महालक्ष्म्या माहेरीच राहतात. पण एडिसनच्या त्या घरात सासरही नाही आणि माहेरही नाही. तिथे एकाच बाजूची पद्धत चालवली, तर दुसऱ्याचं बालपण त्या घरात कुठेच दिसणार नाही. त्यामुळे पहिल्याच वर्षी दोन्ही बाजूंनी काय यायचं हे बोलून ठरवणं मला अत्यावश्यक वाटतं. हे बोलणं टळलं, तर घरातला एक जण सण करतो आणि दुसरा मदत करतो. मग काही वर्षांत सण त्या एकाच्या उत्साहावर येऊन थांबतो.

गणपती बसवायला परवानगी लागते का, हा दुसरा प्रश्न. एकत्र कुटुंबाचा गणपती एकाच घरी, बहुधा थोरल्याकडे असतो. चूल वेगळी झाली की वेगळा बसवता येतो, आणि परदेशातलं घर म्हणजे वेगळी चूलच. तरी त्यांनी रत्नागिरीला फोन केला आणि बरं झालं. सासूबाई म्हणाल्या, "बसवा की! पण एकदा बसवलात की सोडायचा नाही हं."

या वाक्याने पुष्कळ जोडपी मागे हटतात. पुढच्या वर्षी नोकरी बदलली, बाळंतपण आलं किंवा ऐन भाद्रपदात भारतात जावं लागलं तर काय, ही भीती असते. ती रास्त आहे, पण तिला उत्तर रूढीतच आहे. घरात सोयर किंवा सुतक असलं की गावीही त्या वर्षी गणपती बसत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसतो. त्यात कोणी दोष मानत नाही. पार्थिव गणेशाची पूजा हे त्या त्या वर्षी संकल्प करून पूर्ण होणारं व्रत आहे. मातीची मूर्ती, तिची प्राणप्रतिष्ठा, पूजा, उत्तरपूजा आणि विसर्जन झालं की ते संपतं. म्हणून सुरुवात दीड दिवसापासूनच करावी. पाच किंवा दहा दिवस म्हणजे सकाळ-संध्याकाळ आरती, नैवेद्य आणि घरात कायम कोणीतरी असणं. दोघं नोकरीला जाणाऱ्या घरात तिसऱ्या दिवसापासून गणपती बंद दाराआड एकटा बसतो.

तारीख कोणाची?

सर्वाधिक वाद इथे होतात. भारतातून आणलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एक तारीख असते, स्थानिक मंदिर दुसरी सांगतं आणि मंडळ जवळचा शनिवार धरतं.

नियम साधा आहे. ज्या दिवशी मध्याह्नकाळी चतुर्थी असेल तो गणेश चतुर्थीचा दिवस. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच समान भाग केले की तिसरा भाग म्हणजे मध्याह्न. तिथी सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. मध्याह्न मात्र प्रत्येक गावाचा निराळा, त्यामुळे तारीखही निराळी येऊ शकते.

२०२४ चं उदाहरण घेऊ. भारतीय वेळेनुसार चतुर्थी ६ सप्टेंबरला दुपारी ३ च्या सुमारास लागली आणि ७ तारखेला संध्याकाळी साडेपाचनंतर संपली. पुण्यात ६ तारखेचा मध्याह्न चतुर्थी लागण्याआधीच उलटून गेला होता. म्हणून तिथे गणपती ७ तारखेला, शनिवारी बसले. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे चतुर्थी ६ तारखेला पहाटे साडेपाचच्या सुमारास लागली आणि ७ तारखेला सकाळी आठ वाजून गेल्यावर संपली. एडिसनचा त्या दिवसांतला मध्याह्न साधारण पावणेबारा ते सव्वादोन. शुक्रवारी ६ तारखेला तो पूर्णपणे चतुर्थीत होता. शनिवारी तो सुरू होईपर्यंत चतुर्थी संपून पंचमी लागलेली होती. म्हणजे तिथली चतुर्थी शुक्रवारची.

यावरून अमेरिकेत सण नेहमी एक दिवस आधी, असा ठोकताळा मात्र बांधू नये. २०२६ मध्ये पुण्यात आणि न्यू जर्सीत दोन्हीकडे १४ सप्टेंबर, सोमवार हीच तारीख आहे. दर वर्षी आपल्या शहराचं पंचांग पाहावं. शहराचं नाव टाकलं की त्या ठिकाणच्या वेळा देणारी पंचांगं आता सहज मिळतात.

"आपण भारताबरोबरच करू, म्हणजे सगळ्यांचा एकच दिवस," असं पुष्कळांना वाटतं. त्यामागची ओढ मला कळते, तरी मी स्थानिक तारखेच्या बाजूची आहे. पूजेतला संकल्पच मुळी तुम्ही आत्ता कोणत्या देशात, कोणत्या तिथीला, कोणत्या नक्षत्रावर बसला आहात ते उच्चारून सुरू होतो. महाराष्ट्रात त्यात गोदावरीच्या दक्षिण किंवा उत्तर तीराचा उल्लेख येतो, परदेशातले पुरोहित तिथे आपल्या देशाचा उल्लेख घालतात. पूजा करणारा जिथे आहे तिथलीच वेळ ती विचारते.

त्या जोडप्याचं वेळापत्रक असं बसलं. शुक्रवारी दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. बारा वाजता प्रतिष्ठापना केली तेव्हा भारतात रात्रीचे साडेनऊ वाजले होते, त्यामुळे रत्नागिरी आणि लातूर दोन्हीकडची मंडळी जेवणं आटोपून व्हिडिओवर आरतीला होती. पाहुणे शनिवारी दुपारच्या जेवणाला आले आणि संध्याकाळी उत्तरपूजा व विसर्जन झालं. दीड दिवसही पूर्ण झाला आणि सुट्टीही साधली. चतुर्थी मंगळवारी आली तर एवढं सोपं नसतं. तेव्हा प्रतिष्ठापना जेवणाच्या सुट्टीत चाळीस मिनिटांत आटोपावी, विसर्जन बुधवारी संध्याकाळी करावं आणि पाहुण्यांना शनिवारी नुसतं प्रसादाला बोलवावं.

मूर्ती लहान, मातीची आणि पूर्ण कोरडी

एडिसनच्या ओक ट्री रोडवर ऑगस्टमध्ये मूर्ती विकायला येतात. विकत घेणार असाल तर शाडूचीच घ्यावी. प्लास्टर ऑफ पॅरिसची बादलीत विरघळत नाही आणि मग विसर्जनाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. या दोघांनी मूर्ती स्वतः केली. पहिल्या वर्षी मीही तेच सुचवेन, कारण पंधरा दिवस आधीपासून सण घरात येतो आणि दोघांनाही सारखंच काम मिळतं.

कलासाहित्याच्या दुकानात कुंभारकामाची ओली माती साधारण ११ किलोच्या पिशवीत मिळते. सहा इंचांच्या मूर्तीला दीड-दोन किलो पुरते. शेजारच्याच फळीवर भट्टीशिवाय कडक होणारी, मुलांच्या खेळण्याची माती असते. तिच्यात कागदाचा लगदा किंवा कृत्रिम डिंक असू शकतो आणि ती पाण्यात सुटत नाही. शंका असेल तर लिंबाएवढी गोळी करून खडखडीत वाळवा आणि पाण्यात टाका. खरी माती तासाभरात भुगा होऊन तळाशी बसते.

मूर्ती तडकते ती असमान वाळण्यामुळे. सोंड आणि हात बारीक असतात, ते आधी वाळून आकसतात. पोट जाड असतं, ते ओलंच राहतं, आणि जोडाशी भेग पडते. म्हणून बैठकीच्या खालून चमच्याने माती कोरून मूर्ती पोकळ करावी. हात आणि सोंड जोडताना दोन्ही बाजूंना रेघा ओढून मातीचा पातळ घोळ लावावा. पहिले तीन दिवस वरून प्लास्टिकची पिशवी सैल पांघरावी आणि मूर्ती वातानुकूलन यंत्राच्या झोतात ठेवू नये. आठ-दहा दिवसांनी ती गालाला लावून पाहा. गार लागली तर आत ओल आहे.

ही ओल विसर्जनालाही आड येते, हे फार जणांना माहीत नसतं. पूर्ण कोरडी माती पाणी झपाट्याने शोषते आणि फुटते. अर्धवट ओली मूर्ती मात्र पाण्यात दिवसभर तशीच राहते. रंगाला गेरू आणि हळद वापरावी, डोळ्यांपुरता जलरंग. ॲक्रिलिक रंगाचा पातळ पापुद्रा तयार होतो, पाणी आत शिरत नाही, आणि मूर्ती विरघळली तरी तो सालासारखा तरंगत राहतो.

दूर्वा, पत्री आणि मोदक

भारतातून येताना ताजी पानं, दूर्वा किंवा आंब्याचा डहाळा सामानात घालू नये. अमेरिकेच्या विमानतळावर तो काढून घेतला जातो, आणि जाहीर केला नसेल तर दंडही होतो. ऑस्ट्रेलियात नियम याहून कडक आहेत. तिथे बिया, सुकी पानं, लाकूड आणि मातीच्या वस्तूही उतरताना जाहीर कराव्या लागतात.

दूर्वा आणायची गरजही नसते. आपली दूर्वा अमेरिकेत बर्म्युडा ग्रास या नावाने लॉनसाठी लावतात, ऑस्ट्रेलियात तिलाच काउच म्हणतात. मात्र लॉनवर तणनाशक आणि खत फवारलेलं असतं, तिथली खुडू नये. पेरांसकट एक धावता कोंब आणून कुंडीत लावला तर उन्हाळाभरात कुंडी भरते. थंडी पडायच्या आत ती घरात घ्यायची. पिवळी पडली तरी मुळं जिवंत असतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. एकवीस पत्री तर पुण्यातल्या सदनिकेतही पूर्ण मिळत नाहीत. जे उपचार हाताशी नाहीत त्यांच्या जागी अक्षता वाहायच्या, ही सोय पूजाविधीतच आहे.

मोदक बिघडतो तो दोन ठिकाणी. पहिलं पीठ. ग्लुटिनस राइस फ्लोअर चिकट तांदळाचं असतं. त्याची उकड हाताला चिकटते आणि पारी धरत नाही. भारतीय दुकानातलं मोदकाचं किंवा साधं बारीक तांदळाचं पीठ घ्यावं. दुसरं सारण. गोठवलेल्या खोबऱ्यात पाणी फार असतं. ते पूर्ण सुटं होऊ द्यावं, मंद आचेवर पाणी आटवावं आणि मगच त्याच्या निम्मा गूळ घालावा. सारणाची गोळी वळली आणि बोटाला ओल राहिली नाही की उतरवावं. विजेच्या शेगडीचा तवा बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो, म्हणून भांडं लगेच बाजूला काढायचं. सारण ओलं राहिलं तर मोदक वाफेत फुटतो, आणि दोष उकडीला दिला जातो.

धूर आणि गजर

भाड्याच्या घरात धुराचा गजर छताला असतो, पुष्कळदा शेजारी पाण्याचा फवाराही. तो गजर झाकणं किंवा त्याची बॅटरी काढणं ही सर्रास होणारी आणि धोक्याची गोष्ट आहे. आरतीनंतर ती परत बसवायची राहते आणि घरात समई तेवत असते. शिवाय बहुतेक भाडेकरारांत त्याला मनाई असते.

त्या जोडप्याने मखर गजरापासून लांब, खिडकीपाशी मांडलं. आरतीला तुपाचं निरांजन घेतलं, त्याचा धूर जवळजवळ होत नाही. कापूर एकच वडी, शेवटी, खिडकी उघडून आणि स्वयंपाकघरातला पंखा चालू ठेवून. उदबत्ती एकच. रात्री झोपताना समई शांत केली आणि सकाळी पुन्हा लावली. मखराला थर्माकोल आणि कागदी झालरी न लावता सुती साडी मागे सोडली, तीही ज्योतीपासून हातभर दूर. अखंड दिवा घरच्या रीतीत असेल, तर तो जागं माणूस असेपर्यंतच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गौरी: दोन घरांचं एक ताट

दीड दिवसाचा गणपती नवऱ्याच्या घरचा झाला. लातूरचं काय आलं, हा प्रश्न त्या दोघांनी गौरींपाशी सोडवला, आणि मला तो भाग सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो.

महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि कोठ्या हा बायकोच्या माहेरचा कुलाचार. तो तिची भावजय पुढे चालवणार आहे, म्हणून त्याची दुसरी जोडी एडिसनमध्ये उभी करायला तिची आई तयार नव्हती. तो नकार दोघांनी मानला. मग बैठक रत्नागिरीची आणि नैवेद्य लातूरचा, असं ठरलं. काही कोकणस्थ घरांत पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे मुक्याने, म्हणजे वाटेत न बोलता आणतात आणि त्याच गौरी. परदेशातल्या लहान घराला याहून सोयीचं रूप नाही. सार्वजनिक उद्यानातून दगड उचलायला पुष्कळ ठिकाणी मनाई असते, म्हणून त्यांनी ओळखीच्यांच्या परसातल्या नळापाशी खडे धुऊन घेतले आणि गौरी गेल्यावर तिथेच परत ठेवले.

खडे घरी आले तेव्हा दारापासून देव्हाऱ्यापर्यंत बायकोने रांगोळीने पावलं काढली, जशी तिच्या माहेरी महालक्ष्म्यांसाठी काढतात. दुसऱ्या दिवशी नैवेद्याला पुरणपोळी, आंबील, कढी आणि सोळा भाज्या. सोळा भाज्या वेगवेगळ्या करणं दोन माणसांना शक्य नाही. तिची आजी अडचणीच्या वर्षी सोळा भाज्यांची एकच मिसळ भाजी करायची, तीच त्यांनी केली. भोपळा, दोडका, गवार, भेंडी, सुरण, मेथी अशा बऱ्याच भाज्या भारतीय दुकानात मिळाल्या. बाकीची संख्या झुकिनी, ब्रसेल्स स्प्राउट, केल यांसारख्या भाज्यांनी भरली.

गौरी येतात अनुराधा नक्षत्रावर, जेवतात ज्येष्ठावर आणि जातात मूळावर. नक्षत्राची वेळही स्थानिक पंचांगातूनच काढायची. हे दिवस बहुधा कामाच्या वारी येतात. पुरण आदल्या रविवारी शिजवून, वाटून गोठवलेलं होतं. संध्याकाळी सात वाजता नैवेद्य दाखवला, आणि हळदीकुंकू पुढच्या शनिवारी ठेवलं.

विसर्जन बादलीत

एखाद्या तळ्यात किंवा नदीत परवानगीशिवाय मूर्ती सोडणं बहुतेक शहरांत नियमाविरुद्ध असतं. मंडळं नगरपालिकेकडून आधी परवानगी काढतात किंवा हौद मांडतात. मॉरिशसमध्ये, जिथे मराठी माणसं एकोणिसाव्या शतकापासून आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि मिरवणुका नदीवर, समुद्रावर जातात. अमेरिकेतल्या तिसऱ्या मजल्यावर बादली हाच उपाय, आणि तो उत्तम आहे.

उत्तरपूजा, आरती, हातावर दही आणि खिरापत झाली की मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात ठेवायची. कोरडी, सहा इंचांची मूर्ती रात्रभरात विरघळते. दोन-तीन दिवसांनी माती तळाशी बसली की वरचं पाणी झाडाला घालायचं. बादलीतलं पाणी माती ढवळलेली असताना मोरीत किंवा कमोडमध्ये ओतू नये, नळ्या तुंबतात. तळाचा गाळ जुन्या सुती कापडावर पसरून कणकेइतका घट्ट होऊ द्यावा आणि डब्यात बंद करून ठेवावा. त्या दोघांनी २०२५ ची मूर्ती याच मातीत थोडी नवी मिसळून केली. रत्नागिरीला आणि लातूरला असं कोणी करत नव्हतं. ही रीत त्या एडिसनच्या घराची स्वतःची.

पुढच्या वर्षासाठी वही

विसर्जनाच्या रात्रीच एक पान लिहून ठेवावं: तारीख कशी ठरवली, पीठ कोणतं आणलं, सारणाचं प्रमाण, कोणती आरती कोणत्या क्रमाने झाली, काय चुकलं. आरत्यांचा क्रम तर जरूर लिहावा. दोन घरांत तो वेगळा असतो, आणि दर वर्षी त्यावरून ऐन वेळी थांबावं लागतं. आईकडे आणि सासूबाईंकडे या वर्षी फोनवर विचारलेल्या गोष्टीही त्यातच टिपाव्या. आजीच्या मिसळ भाजीची कृती लातूरच्या घरात कोणीच लिहून ठेवलेली नव्हती, एडिसनच्या वहीत ती आता आहे.

तुम्ही या वर्षी पहिल्यांदा बसवणार असाल, तर सुरुवात खरेदीपासून करू नका. आधी दोघांनी बसून दोन्ही घरांतली प्रत्येकी एक न सोडण्यासारखी गोष्ट ठरवा. मग आपल्या शहराच्या पंचांगात चतुर्थी पाहा, कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाका, आणि तीन आठवडे आधी माती आणा.